सहा नळ्या, सगळ्या

बाबांच्या नळ्या नापास झाल्याचा कागद मी वाचला, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला चक्क आनंद झाला. कारण त्या कागदात काय चुकलंय ते मला एका नजरेत दिसलं.

आधी नळ्यांबद्दल सांगते. बाबा काचकाम करतात. खिडकीच्या काचा किंवा बरण्या नाही, प्रयोगशाळेतली काच. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा बर्नर आहे, गॅसची टाकी आहे, आणि एक जांभळट चष्मा आहे. तो चष्मा लावला की ज्योतीचा पिवळा झगझगाट नाहीसा होतो आणि आत काच कशी मऊ पडतेय ते दिसतं. लहान असताना मी तो लावून घरभर फिरायचे. आई म्हणायची, "आली बघा आमची वांगीबाई."

एके काळी शेडमध्ये उभं राहायला जागा नसायची. मग यंत्रावरच्या स्वस्त नळ्या आल्या आणि एकेक गिऱ्हाईक गेलं. शेवटी राहिली ती रंगाच्या कारखान्याची प्रयोगशाळा. तिथे व्हार्निश किती दाट झालंय ते एका जुन्या उपकरणावर बघतात. त्यात वीतभर लांबीची, मधे कोपरासारखी वाकलेली, टोकाला सुईइतकी बारीक नळी लागते. नळी खुणेपर्यंत भरायची, वरचं बोट काढायचं आणि रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. पाणी भरलं तर चाळीस सेकंद लागले पाहिजेत. टोकाचं भोक केसभर मोठं झालं तर पाणी लवकर पळतं, केसभर लहान झालं तर रेंगाळतं. नळी धुताना हमखास फुटते, आणि महिन्याला चार-सहा नळ्यांसाठी कुठलीही मोठी कंपनी आपलं यंत्र त्या वेड्यावाकड्या आकाराला जुळवून देत नाही.

म्हणून कारखान्यातल्यांनी बाबांना सांगितलं होतं, आधी सहा करून द्या. जमल्या तर दर महिन्याला सहा घेऊ.

दर महिन्याला सहा म्हणजे काही फार मोठं काम नव्हतं. पण दर महिन्याला काहीतरी म्हणजे शेड चालू. ते काम नाही मिळालं तर गॅसची टाकी परत द्यायची, बर्नर विकायचा आणि मामाच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे कोणी तसं बोललं नव्हतं. मामाने फक्त एकदा "भाऊजी, माझ्याकडे खुर्ची रिकामीच असते" असं म्हटलं होतं, आणि बाबांनी त्यावर दोन कप चहा प्यायला होता. आमच्या घरात असंच ठरतं.

तर तो कागद. बाबांनी तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि जेवताना काढून ताटाशेजारी ठेवला.

"नापास," ते म्हणाले. "तुझ्यापेक्षा मी बरा. तू तर आधीच रडायचीस."

हे खरं आहे. गेल्या वर्षापर्यंत गणिताच्या पेपराआधी मी रडायचे. पण या वर्षी आमच्या वर्गाला नव्या मॅडम आल्या आणि माझं काहीतरी झालं. म्हणजे काय झालं ते मलाही माहीत नाही, पण आता मी पहिल्या बाकावर बसते, हात वर करते, आणि उत्तर चुकलं तरी खाली बसत नाही. आमच्या वर्गातला एक मुलगा मला 'लाउडस्पीकर' म्हणतो. बाबा तर लहानपणापासूनच 'टिटवी' म्हणतात. मी ते दोन्ही कौतुक म्हणून घेते.

कागदावर आमच्या शाळेच्या वर्कशीटसारखाच तक्ता होता. पहिल्या रकान्यात सहा नळ्यांचे सेकंद होते: ४१, ३७, ३९, ४३, ३९, ४१. सरासरी ४०. दुसऱ्या रकान्यात सरासरीपासूनचा फरक: १, उणे ३, उणे १, ३, उणे १, १. तिसऱ्यात त्यांचे वर्ग: १, ९, १, ९, १, १. वर्गांची बेरीज २२. खाली दोन चौकटी. एकीत लिहिलं होतं 'समष्टी, एकूण संख्येने भागा', दुसरीत 'नमुना, संख्येतून एक वजा करून भागा'. दुसऱ्या चौकटीवर बरोबरची खूण होती. बावीस भागिले पाच, प्रचरण ४.४. त्याचं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, २.१०. आणि शेवटी ठसठशीत अक्षरात: 'मर्यादा २ सेकंद. नामंजूर.'

मी घास तसाच ठेवला.

"बाबा! पाचने का भागलंय?"

"मला काय विचारतेस? मी काच ओढतो, आकडे नाही."

"नळ्या सहा आहेत ना? सहाच मागितल्या, सहाच केल्या, सहाही मोजल्या. मग ही समष्टी झाली! सहाने भागायला पाहिजे. बावीस भागिले सहा, तीन पूर्णांक सदुसष्ट. वर्गमूळ..." मी कॅल्क्युलेटर आणायला धावले आणि खुर्ची पाडली. "एक पूर्णांक एक्याण्णव! बाबा, दोनच्या आत! तुम्ही पास आहात!"

आई आमटीची पळी हातात धरून बघत राहिली. "म्हणजे त्यांची चूक झाली?"

"चूकच. आम्हाला परवाच शिकवलंय."

खरंच परवाच शिकवलं होतं. मॅडमनी फळ्यावर दोन गणितं लिहिली होती. एकात शाळेच्या पाच माळ्यांची वयं, दुसऱ्यात गोणीभर बटाट्यांमधून उचललेल्या पाच बटाट्यांची वजनं. आकडे मुद्दाम तेच ठेवले होते. आम्ही सगळ्यांनी सारखंच उत्तर काढलं आणि मॅडमनी सगळ्यांच्या दुसऱ्या उत्तरावर काट मारली. "भागण्याआधी स्वतःला विचारा," त्या म्हणाल्या, "हे सगळे आहेत की त्यातले काही? माळी पाचच आहेत, पाचही घेतले, पाचने भागा. बटाटे मात्र गोणीतले थोडे. थोड्यांची सरासरी त्या थोड्यांवरूनच काढलेली असते, म्हणून ते तिला जरा जास्तच चिकटून बसतात आणि पसारा असतो त्याहून कमी दिसतो. एक कमी करून भागलं की ती लबाडी भरून निघते." मग 'लाउडस्पीकर' म्हणणाऱ्या मुलाने विचारलं, की नुसते आकडे दिले आणि बाकी काही सांगितलंच नाही तर काय करायचं? मॅडम म्हणाल्या, "मग भागूच नकोस. आधी जाऊन विचारून ये, की हे आकडे कशासाठी घेतले." वर्ग हसला. मीही हसले होते.

"उद्या मी तुमच्याबरोबर येणार," मी बाबांना म्हणाले.

"शाळा?"

"अर्धा दिवस. गणितासाठीच तर जातेय."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. "जाऊ दे तिला," ती म्हणाली. "घरात नुसता कंठशोष करते, तिथे तरी उपयोगी पडेल."

बाबा डाव्या हाताची दोन बोटं उजव्या हाताने चोळत बसले. ती बोटं दोन वर्षांपासून बधिर झालीत. नसेचं काहीतरी आहे, बरं होईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. काच ओढताना डाव्या हाताने नळी गरागरा फिरवत ठेवावी लागते, सारख्या वेगाने. याबद्दलही आमच्या घरात कोणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ राखेसारखं होतं. कारखान्याकडे जाणारा रस्ता खणून ठेवलेला, दोन्ही बाजूंना मातीचे ढीग. बाबांनी नळ्यांचं लाकडी खोकं बरोबर घेतलं होतं, रिकामं. आत कापूस आणि कापसात सहा खाचा. नामंजूर नळ्या परत आणायला ते लागणार होतं.

"ते कशाला घेतलंत? रिकामंच परत येणार आहे," मी म्हणाले.

"मग हलकं राहील."

"बाबा, तुम्ही बोलू नका हं तिथे. मी बोलते."

"तू असताना कधी बोलायला मिळालंय मला?"

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्यापासूनच रंगाचा वास नाकात चढत होता. आत लांब ओटा, त्यावर डबे, आणि प्रत्येक डब्यावर लावलेल्या रंगाचा एकेक पट्टा. तपासणी करणाऱ्या ताई खिडकीशी बसल्या होत्या. मला वाटलं होतं कोणीतरी जाड चष्म्याच्या, खडूस बाई असतील. पण त्या फार तर माझ्या मावसबहिणीएवढ्या होत्या. पांढऱ्या कोटाच्या बाहीवर निळा डाग, आणि चहात बिस्किट बुडवताना ते तुटून आत पडल्यामुळे चमच्याने ते शोधत होत्या.

"या काका," त्या उठून म्हणाल्या. "नळ्या बांधूनच ठेवल्यात. मला वाईट वाटलं हो, खरंच. ही कोण?"

"माझी टिटवी," बाबा म्हणाले. "अकरावीला आहे. तिला तुमचा भागाकार पटलेला नाही."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी एक स्टूल पुढे ओढलं, कागद ओट्यावर पसरला आणि म्हणाल्या, "सांग."

मी सांगितलं. सहा मागितल्या, सहा दिल्या, सहाही मोजल्या, म्हणजे हा नमुना नाही, ही समष्टी, म्हणून सहाने भागायचं, म्हणून १.९१, म्हणून मर्यादेच्या आत, म्हणून मंजूर. एका दमात. माझा आवाज त्या लांब खोलीत इतका स्वच्छ घुमला की पलीकडे डबा हलवणारा माणूस थांबून बघायला लागला.

"बरोबर आहे तुझं," ताई म्हणाल्या.

मी बाबांकडे वळून पाहिलं. मनातल्या मनात मी तेव्हाच घरी पोहोचले होते आणि आईला उचलून गोल फिरवत होते.

"गणित अगदी बरोबर आहे," ताई पुढे म्हणाल्या. "या सहा नळ्यांचा आपापसातला पसारा किती, असं कोणी विचारलं, तर उत्तर १.९१. पण मी हा तक्ता भरताना ते विचारत नव्हते."

"मग काय विचारत होता?"

"काका, तुम्हीच सांगा. या सहा कशाला मागवल्या होत्या?"

बाबा म्हणाले, "जमतंय का ते बघायला."

"बघ," ताई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "दर महिन्याला सहा येणार. पुढच्या महिन्याच्या सहा, त्याच्या पुढच्या, अशा वर्षभर. त्या अजून झालेल्याच नाहीत, त्यांना मी घड्याळ कसं लावू? म्हणून या सहांवरून त्यांचा अंदाज घ्यायचा. माझी समष्टी म्हणजे काकांच्या हातून पुढे होणाऱ्या सगळ्या नळ्या. या सहा त्यातला नमुना. म्हणून पाचने भागलं."

मला मॅडम आठवल्या. आधी जाऊन विचारून ये. मी विचारलं नव्हतं, मी सांगायला आले होते.

"पण..." मी म्हणाले. एवढंच. पहिल्या बाकावर बसायला लागल्यापासून माझं वाक्य असं कधी अडकलं नव्हतं.

ताईंनी थोडा वेळ कागदाच्या कोपऱ्याशी चाळा केला. "एक करता येईल. आम्ही पुढच्या वर्षी नवं उपकरण घेणार होतो, ते आताच मागवता येईल. त्याला या नळ्या लागत नाहीत. जपून वापरल्या तर तोवर या सहा पुरतील. तर आम्ही या सहाच घ्यायच्या, पुढे काही मागवायचं नाही. मग या माझ्या सगळ्या नळ्या झाल्या. हिचं गणित लागू होतं. दुसरा तक्ता भरते, पहिल्या चौकटीवर खूण करते. १.९१, मंजूर. फक्त शेऱ्यात कारण लिहावं लागेल, की हा पुरवठा पूर्ण झाला, यानंतर नळ्या येणार नाहीत. आणि खाली काकांची सही."

"नाहीतर?" बाबांनी विचारलं.

"नाहीतर या परत न्या आणि दुसऱ्या सहा करून आणा. मी पुन्हा घड्याळ लावते. दोनच्या खाली आलं की महिन्याचं काम तुमचं. माझा शब्द."

"दुसऱ्या करू!" मी बाबांचा हात धरला. डावा. "बाबा, किती जवळ आलंय! एक दशांशच तर जास्त आहे. त्या सदतीस आणि त्रेचाळीसवाल्या दोनच बिघडल्यात, बाकीच्या बघा ना, एकेक सेकंदाने इकडेतिकडे. त्या दोन सुधारल्या की झालं!"

बाबांनी हात सोडवून घेतला नाही. पण मी तो घट्ट दाबला होता आणि त्यांच्या दोन बोटांनी मला काहीच उत्तर दिलं नाही, हे मला तेव्हा जाणवलं.

"टिटवे," ते म्हणाले, "या निवडलेल्या आहेत."

"निवडलेल्या म्हणजे?"

"म्हणजे निवडलेल्या. शेडमध्ये घड्याळ लावून बघितलं, बऱ्या वाटल्या त्या आणल्या."

ताईंनी चमचा खाली ठेवला. "काका, तुम्ही जशा झाल्या तशा आणायच्या होत्या. पहिल्या सहा."

"पहिल्या सहा आणल्या असत्या तर तुम्ही घड्याळ नाही, कॅलेंडर लावलं असतं," बाबा म्हणाले आणि हसले. पलीकडचा डबेवाला पण हसला. ताई हसल्या नाहीत.

"एकूण किती केल्या होत्या?"

"मोजल्या नाहीत. बादली भरली."

खोलीत कुठेतरी पंखा फिरत होता, त्याला एक बारीक कुरकुर होती. मी कागदाकडे बघत होते. मला आता त्या सहा आकड्यांच्या मागे रांगेने उभे असलेले बाकीचे आकडे दिसत होते, बादलीतले, कुठल्याच रकान्यात न आलेले. पन्नास, पंचवीस, साठ. पाचने भागा नाहीतर सहाने, त्यांना काही फरक पडत नव्हता. एक कमी करून भागलं की भरून निघते ती थोड्यांची लबाडी. निवडलेल्यांची लबाडी भरून काढायला आम्हाला काही शिकवलेलं नव्हतं. मला वाटतं तसं काही नसतंच.

"मग पाचने भागूनसुद्धा मी तुम्हाला सवलतच दिली की," ताई हळूच म्हणाल्या. त्यात राग नव्हता. नुसती बेरीज केल्यासारखं म्हणाल्या.

"आधी अशा नव्हत्या होत," बाबा म्हणाले. "तुमच्याआधी इथे जे साहेब होते ना, ते माझ्या नळ्यांना घड्याळ लावायचेच नाहीत. म्हणायचे, घड्याळ तुमच्या नळीवरून लावून घेतो."

"ऐकलंय मी."

"ऐकलंय?"

"अजून सांगतात इथे."

बाबांना ते आवडलं. ते खरंच खूश झाले, मान हलवली, खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "लिहा. सगळ्या आहेत म्हणून लिहा."

"बाबा, नको!"

"अगं, तूच तर म्हणालीस काल. सहाच केल्या, सहाच मोजल्या."

"पण मी असं नव्हतं म्हटलं. मला असं नव्हतं म्हणायचं! डॉक्टरांकडे परत जाऊ. मी नळी फिरवायला शिकते, मी फिरवेन, तुम्ही फक्त ओढा..."

"तू शाळेत जा," बाबा म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "नळ्या वाईट नाहीयेत. या सहा वाईट नाहीयेत ना, ताई?"

"अजिबात नाही," ताई म्हणाल्या. "या सहा माझ्या मर्यादेत आहेत."

त्यांनी कोरा तक्ता काढला. तेच सहा आकडे, तेच फरक, तेच वर्ग, तीच बावीस. या वेळी पहिल्या चौकटीवर खूण. बावीस भागिले सहा. ३.६७. १.९१. त्यांनी माझ्याकडे कागद सरकवला, "बघ, आकडेमोड तपास." मी तपासली. एकही चूक नव्हती. तेवढा वेळ मी मुद्दाम लावला.

शेऱ्यात त्यांनी लिहिलं: 'सदर सहा नळ्या हा संपूर्ण पुरवठा आहे. यानंतर पुरवठा होणार नाही.' बाबांनी खिशातला चष्मा शोधला आणि चुकून जांभळा चष्मा बाहेर आला. तो खिशात कशाला आणला होता कोण जाणे. "राहू दे," म्हणाले, आणि तोच लावून सही केली.

परत येताना खोकं रिकामं होतं, मी म्हटल्यासारखं. मीच धरलं होतं. खणलेल्या रस्त्यावर एका ठिकाणी फळी टाकली होती, तिच्यावरून जाताना बाबांनी मागे वळून हात पुढे केला, उजवा.

"मी पास की नापास?" त्यांनी विचारलं.

मी खोक्यातल्या रिकाम्या खाचा मोजायला लागले.

"बघ, गणित येतं म्हणून सगळं येतं असं नाही," ते म्हणाले आणि फळी पार झाली तरी माझा हात धरून चालत राहिले, मी बालवाडीत असल्यासारखे.

आई दारातच होती. आमचे चेहरे वाचायच्या आधी तिला खोकं दिसलं, उघडं, खाचा रिकाम्या.

"घेतल्या?" तिने विचारलं.

"घेतल्या," बाबा म्हणाले. "सगळ्या घेतल्या. तुझी मुलगी काय भांडली म्हणून सांगू!"

आईने मला जवळ घेतलं. तिच्या ओल्या हातांना साबणाचा वास होता. "माझी बाई ती," ती माझ्या केसांत म्हणाली. मग बाबांना, "मग आता पुढच्या महिन्याच्या कधी करायला घ्यायच्या? काच आणायला लागेल ना?"

बाबा चपला काढत होते. त्यांनी एक चप्पल काढली, दुसरीचा बंद बराच वेळ सुटेना. आई थांबली. माझ्या केसांतला तिचा हातही थांबला. मग ती म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला, पण गॅस पेटवल्याचा बराच वेळ आला नाही.

संध्याकाळी मी शेडमध्ये गेले. बाबा मामाकडे गेले होते. बर्नरवर फडकं टाकलं होतं. टाकीचा कॉक बंद होता, त्याला हात लावून मी खात्री करून घेतली. बादली कोपऱ्यात होती. मला वाटलं होतं ती तुकड्यांनी भरली असेल. पण वरच्या नळ्या अख्ख्या होत्या. फेकताना बाबांनी त्या टाकल्या नव्हत्या, हलक्या हाताने आडव्या रचल्या होत्या, एकावर एक, चुलीच्या सरपणासारख्या.

एक मी उचलली. दिसायला इतकी सुंदर होती! कोपराशी वळलेली ती रेघ, खुणेची बारीक चीर, टोक. मी नळाखाली ती भरली, वर बोट दाबलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बोट काढलं.

थेंब थेंब करत पाणी उतरायला लागलं. चाळीस झाले. नळीत अजून बरंच पाणी होतं. पंचेचाळीस. पन्नास. मी जोरात श्वाससुद्धा घेत नव्हते, जणू त्याने उशीर होत होता. शेवटचा थेंब टोकाला लोंबकळला आणि पडेचना.

"किती?" दारातून आवाज आला.

बाबा कधी आले कळलंच नव्हतं. अंगात बाहेरचाच शर्ट, हातात मामाच्या दुकानाची किल्ली.

"चाळीस," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, टोकाचा थेंब बोटाने पुसला, दिव्यासमोर धरून एक डोळा मिटला.

"खोटारडी," ते म्हणाले. "अठ्ठावन्न."

आणि ती नळी त्यांनी परत बादलीत ठेवली, होती तशीच आडवी, बाकीच्यांच्या वर.